तीन माहितीपत्रकं, एक तक्ता: आरोग्य विम्याची तुलना कशी मांडायची

दांडिया बाजारात माझे काका-काकू राहतात. काका 64 वर्षांचे, काकू 60 च्या. मकरपुऱ्यातल्या कारखान्यातून काका निवृत्त झाले आणि कंपनीचा सामूहिक विमा तिथेच थांबला. काकूंना आठ वर्षांपासून मधुमेह आहे, काकांच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू धरायला लागलाय. दिवाळीनंतर मी बडोद्याला गेलो तेव्हा काकूंनी फोन पुढे केला. एजंटने व्हॉट्सॲपवर तीन पीडीएफ पाठवल्या होत्या. "अरे, यातलं स्वस्त कुठलं ते सांग. तुझे काका म्हणतात शेवटचं घेऊ, तेहेतीस हजारांचं."

त्या तीन पीडीएफचा तक्ता करायला आम्हाला एक अख्खी दुपार आणि दुसऱ्या दिवशीची सकाळ लागली. तक्ता झाल्यावर तेहेतीस हजारांचा आकडा तेहेतीस हजारांचा राहिला नाही. हे काम ज्यांनी कधी केलं नाही त्यांच्यासाठी ते सगळं क्रमाने लिहितो आहे. कंपन्यांची नावं देत नाही, अ, ब आणि क म्हणतो. रकमाही समजायला सोप्या जाव्यात म्हणून थोड्या बदलून गोल केल्या आहेत. पद्धत मात्र जशी वापरली तशीच आहे.

आधी कागद नीट जमवा

एजंट पाठवतो ते बहुतेक वेळा माहितीपत्रक असतं, म्हणजे ब्रोशर. रंगीत, आठ-दहा पानांचं, हसऱ्या कुटुंबाच्या फोटोचं. तुलनेसाठी ते पुरत नाही. प्रत्येक पॉलिसीमागे तीन कागद लागतात: ब्रोशर, पॉलिसी वर्डिंग म्हणजे पूर्ण करारनामा, आणि कस्टमर इन्फर्मेशन शीट म्हणजे त्या कराराचा थोडक्यात गोषवारा. ही शीट विमा नियामकाने ठरवून दिलेल्या नमुन्यात असते. सुधारित नमुना 1 जानेवारी 2024 पासून लागू झाला. तिचा मोठा उपयोग असा की प्रत्येक मुद्द्यासमोर करारनाम्यातल्या कलमाचा क्रमांक दिलेला असतो. चाळीस पानांत कलम शोधत बसावं लागत नाही. तिन्ही कागद कंपनीच्या वेबसाइटवर डाउनलोडच्या पानावर मिळतात.

तिन्ही कागद एकाच पॉलिसीचे आहेत हे ओळखायची खूण म्हणजे यूआयएन, त्या पॉलिसीचा ओळख क्रमांक. ब्रोशरच्या शेवटच्या पानावर, अगदी बारीक अक्षरात, तो छापलेला असतो. पीडीएफमध्ये `UIN` असा शोध घ्या. तो साधारण असा दिसतो: `ABCHLIP24000V032324`. हा मी नमुन्यादाखल बनवलेला आहे. शेवटचा तुकडा बघा: `V03` म्हणजे त्या पॉलिसीची तिसरी आवृत्ती आणि `2324` म्हणजे 2023-24 हे आर्थिक वर्ष. काकूंना आलेल्या ब-च्या ब्रोशरवर `V02` होतं आणि वेबसाइटवरच्या करारनाम्यावर `V03`. नाव तेच, फोटो तेच, पण मधल्या काळात अटी बदललेल्या. म्हणून एजंटची प्रत बाजूला ठेवली आणि वेबसाइटवरून नवी घेतली. यूआयएन जुळल्याशिवाय तक्त्यात एकही आकडा लिहू नका.

ओळी घराकडे बघून ठरवा

नवखा माणूस ब्रोशर उघडतो आणि त्यात जे जे लिहिलंय ते ते तक्त्यात उतरवत जातो. मग साठ ओळी होतात आणि त्यातल्या निम्म्या एकाच कंपनीपुरत्या. अ-ने योगवर्गाची सवलत छापली, ब-ने छापली नाही, तर तुलना कशाशी करणार? ओळी ठरवायच्या त्या घरातल्या माणसांकडे बघून, ब्रोशर उघडण्याआधी, कोऱ्या कागदावर.

आम्ही काकूंच्या हिशेबाच्या वहीच्या मागच्या पानावर लिहिलं: काकांचं वय, काकूंचं वय, मधुमेह, मोतीबिंदू, काकांच्या आईला हर्निया होता, काकूंचे गुडघे दुखतात. डॉक्टरांनी काकूंना सांगितलंय की मधुमेहामुळे डोळ्याचा पडदा दर वर्षी तपासून घ्या. एवढ्यावरून दहा-अकरा ओळी आपोआप निघाल्या. बाळंतपणाच्या खर्चाची ओळ या घराला नको. तरुण जोडप्याच्या तक्त्यात तीच पहिली येईल.

तक्ता गूगल शीट्समध्ये करा किंवा एक्सेलमध्ये, फरक पडत नाही. ओळी मुद्द्यांच्या, उभे रकाने पॉलिसींचे. मात्र प्रत्येक पॉलिसीला दोन रकाने द्या: एकात उत्तर, दुसऱ्यात पान क्रमांक आणि मूळ इंग्रजीतले चार-पाच शब्द. दुसरा रकाना कंटाळवाणा वाटतो, पण पुढच्या आठवड्यात एजंट म्हणाला की "असं नाहीये" तर पान उघडून दाखवता येतं.

उत्तराच्या रकान्यात रिकामी जागा कधीच ठेवू नका. तीनच शब्द ठरवा: "आहे", "नाही", "उल्लेख नाही". पहिल्या दोघांना कागदाचा आधार असतो. "उल्लेख नाही" म्हणजे कागद गप्प आहे. ब्रोशर गप्प असेल तर करारनामा बघायचा, करारनामाही गप्प असेल तर कंपनीला ईमेल करून लेखी विचारायचं. रिकामा रकाना बघणारा आपल्या सोयीचा अर्थ लावतो आणि तो बहुतेक वेळा "आहे" असा असतो.

पीडीएफमधून मजकूर काढणं

तीन पॉलिसी असतील तर वाचून, शोधून, हाताने लिहिणंच चांगलं, असं माझं मत आहे. तरी मजकूर एकदा साध्या फाइलमध्ये काढून ठेवला की शोध सोपा होतो. आधी पीडीएफमधलं एखादं वाक्य निवडून बघा. अक्षरं निळी होऊन निवडली गेली तर मजकूर निघेल. अख्खं पान एकच चित्र असल्यासारखं वागलं तर ती स्कॅन केलेली प्रत आहे. ती सोडून वेबसाइटवरची घ्या.

पॉप्लर नावाच्या मोफत संचात `pdftotext` हा छोटा प्रोग्राम येतो. प्रीमियमच्या पानांसाठी मी तो असा चालवतो:

```
pdftotext -layout -f 6 -l 9 a-brochure.pdf a-premium.txt
```

यातलं `-f 6 -l 9` म्हणजे पान 6 ते 9, आणि `-layout` म्हणजे रकाने जागच्या जागी ठेव. इथे एक धोका आहे. ब्रोशरची मजकुराची पानं बहुधा दोन स्तंभांत छापलेली असतात. त्यांवर `-layout` वापरलं तर डावीकडच्या ओळीला उजवीकडची ओळ चिकटते. क-च्या ब्रोशरमध्ये डावीकडे मोतीबिंदूची मर्यादा होती आणि उजवीकडे न मिळणाऱ्या खर्चांची यादी. फाइलमध्ये दोन्ही एका ओळीत आले आणि काका म्हणाले, "म्हणजे मोतीबिंदू देतच नाहीत?" देत होते. म्हणून कोष्टकांना `-layout` लावायचं आणि मजकुराच्या पानांना लावायचं नाही.

मग हवे ते शब्द एकदमच शोधता येतात. करारनाम्याची फाइल `a-wording.txt` नावाने काढली असेल तर:

```
grep -n -i -E "zone|vadodara|baroda|room rent|co-?pay|vitreal" a-wording.txt
```

ज्यांना आज्ञा लिहायच्या नसतील त्यांनी पीडीएफमध्येच Ctrl+F दाबून हेच शब्द एकेक करून शोधावेत. पंधरा मिनिटं जास्त लागतील, एवढंच. एक्सेलच्या नव्या आवृत्तीत Data, Get Data, From File, From PDF या वाटेने कोष्टकं थेटही आणता येतात.

आकडे आणल्यावर त्यांच्याकडे डोळे बारीक करून बघा. अ-च्या कोष्टकात 61 ते 65 वयोगटासमोर 38,600 होते आणि त्याच्या डोक्यावर तळटीपेचा लहानसा 2. मजकूर काढला तेव्हा तो 2 शेपटासारखा चिकटला आणि `38,6002` झालं. शीटमध्ये स्वल्पविराम काढून टाकला की हेच 3,86,002 होतं. हे ओळखायची साधी युक्ती आहे. प्रीमियम वयाबरोबर वाढतो आणि विमा रकमेबरोबरही वाढतो, पण पायरीपायरीने. रकान्यात वरून खाली आणि डावीकडून उजवीकडे नजर फिरवा. एखादा आकडा एकदम दहापट उडाला किंवा मध्येच खाली आला तर मूळ पान उघडा. दुसरी चूक पान उलटताना होते. कोष्टक दोन पानांवर पसरलं असेल तर "5 लाख, 7 लाख, 10 लाख" हे शीर्षक दुसऱ्या पानावर कधीकधी नसतं आणि रकाने एक घर सरकतात. प्रत्येक पानावरचा निदान एक आकडा मूळ पीडीएफशी ताडून घ्या.

प्रीमियम एका मापावर आणा

ब्रोशरांमधून आम्हाला मिळालेले कच्चे आकडे असे होते: अ 38,600, ब 49,560, क 33,900. तिन्ही 5 लाखांच्या विमा रकमेचे, दोघांच्या फ्लोटर पॉलिसीचे. फ्लोटर म्हणजे एकच रक्कम दोघांत मिळून. या आकड्यांवरून ब महाग आणि क स्वस्त, असंच कुणीही म्हणेल. पण हे तीन आकडे एका मापाचे नव्हते.

पहिला फरक कराचा. वैयक्तिक आरोग्य विम्यावर पूर्वी 18 टक्के जीएसटी होता, 22 सप्टेंबर 2025 पासून तो शून्य झाला. फॅमिली फ्लोटरही त्यात येतो. अ आणि क-च्या कोष्टकाखाली "कर वगळून" लिहिलं होतं. ब-चं प्रीमियमचं कोष्टक त्या तारखेच्या आधी छापलेलं होतं आणि त्याखाली `inclusive of 18% GST` अशी ओळ होती. म्हणजे कर बाहेर काढायला हवा:

```
=49560/1.18
```

उत्तर आलं 42,000. नवखी माणसं इथे 49,560 चे 18 टक्के काढून वजा करतात. ते चुकतं, कारण कर मूळ रकमेवर लागलेला असतो, बेरजेवर नाही.

दुसरा फरक झोनचा. बऱ्याच कंपन्या देशाचे दोन-तीन भाग पाडतात आणि जिथे दवाखाने महाग तिथे प्रीमियम जास्त घेतात. कोणतं शहर कुठल्या झोनमध्ये हे प्रत्येक कंपनी आपापलं ठरवते. म्हणून झोनच्या यादीत आपलं शहर शोधावंच लागतं, आणि बडोदेकरांनी ते दोन नावांनी शोधायचं: `Vadodara` आणि `Baroda`. आम्ही क-च्या कागदात `Vadodara` शोधलं, काही सापडलं नाही. एजंटने "बाकीचा भारत" असा तिसरा झोन धरून 33,900 सांगितले होते. मग `Baroda` शोधलं आणि दुसऱ्या झोनच्या यादीत नाव निघालं. दुसऱ्या झोनचा आकडा होता 37,800. काही याद्यांत शहराचं नाव नसतं, नुसतं `Gujarat` असतं, तेही शोधा.

तिसरी गोष्ट वयाची. फ्लोटरमध्ये प्रीमियम सर्वांत मोठ्या माणसाच्या वयावरून ठरणं ही नेहमीची रीत आहे. म्हणून काकूंचं 60 विसरा, काकांचं 64 धरा. आणि आजच्या वयोगटाखालचा पुढचा वयोगटही तक्त्यात घ्या. काका दोन वर्षांत 66 चे होतील. आरोग्य विमा एका वर्षासाठी कुणी घेत नाही, साठीनंतर तर मुळीच नाही. पुढच्या वयोगटात अ-चा प्रीमियम 52,400 होता, ब-चा 46,500 आणि क-चा 51,900. आजचा सर्वांत महाग ब दोन वर्षांनी सर्वांत स्वस्त होतो. कंपन्या पुढे दर बदलू शकतात, तेव्हा हा आकडा आजच्या कोष्टकातला आहे हे ध्यानात ठेवायचं. पण कुणाची पायरी किती उंच आहे ते यातून कळतं.

हे सगळं झाल्यावर कंपन्यांच्या वेबसाइटवर तीच वयं आणि पिनकोड 390001 घालून आकडा ताडून बघितला. ब-चं कोष्टक जुनं असल्यामुळे ही तपासणी तिथे गरजेची होती. तिन्ही जुळले. जुळले नाहीत तर वेबसाइटवरचा आकडा घ्या आणि फरकाचं कारण कंपनीला विचारा.

कव्हर: पाच लाख म्हणजे नेहमी पाच लाख नाही

विमा रक्कम तिन्हीकडे 5 लाख. त्यातून हातात किती येईल हे खोलीभाड्याची मर्यादा आणि को-पे या दोन ओळी ठरवतात. म्हणून इथे थोडं थांबतो.

क-च्या करारनाम्यात होतं: खोलीभाडं रोज विमा रकमेच्या 1 टक्क्यापर्यंत. 5 लाखांचा 1 टक्का म्हणजे 5,000. आणि साठीनंतर पॉलिसी घेतली तर प्रत्येक क्लेममध्ये 20 टक्के को-पे, म्हणजे मंजूर रकमेचा पाचवा हिस्सा आपण भरायचा. काका म्हणाले, "खोलीचे वरचे दोन-अडीच हजार आपण देऊ. त्यात काय एवढं?" म्हणून आम्ही कागदावर एक बिल मांडलं.

हर्नियाचं ऑपरेशन, चार दिवस, खोली 7,500 रुपये रोज. खोलीचे 30,000. सर्जन, भूलतज्ज्ञ, ऑपरेशन थिएटर, नर्सिंग मिळून 84,000. औषधं, तपासण्या आणि आत बसवायची जाळी मिळून 46,000. एकूण 1,60,000.

आता क-चा हिशेब. खोलीचे चार दिवसांचे 20,000 मंजूर. पण गोष्ट तिथे संपत नाही. मर्यादेपेक्षा महाग खोली घेतली की खोलीबरोबर वाढणारे बाकीचे खर्चही त्याच प्रमाणात कापले जातात. 7,500 पैकी 5,000 म्हणजे दोन तृतीयांश, म्हणून 84,000 चे 56,000 झाले. औषधं, तपासण्या आणि शरीरात बसवायच्या वस्तू यांना ही कात्री लावता येत नाही, ते 46,000 तसेच राहिले. बेरीज 1,22,000. त्यातून 20 टक्के को-पे 24,400 गेले. कंपनी देईल 97,600, घरातून जातील 62,400.

अ आणि ब-मध्ये ही कपात नाही. अ-मध्ये "सिंगल प्रायव्हेट एसी रूम" असं लिहिलंय, रुपयांची मर्यादा नाही. ब-मध्ये मर्यादाच नाही. हातमोजे वगैरे न मिळणारे किरकोळ खर्च सगळीकडेच आपले, ते मी या हिशेबात धरलेले नाहीत. झोन दुरुस्त केल्यावर अ आणि क-मधला वर्षाचा फरक उरला होता 800 रुपयांचा. काकू बराच वेळ त्या 62,400 कडे बघत होत्या. म्हणाल्या, "आणि आम्ही आठशे रुपयांसाठी हे घेणार होतो."

खोलीची कपात सगळ्याच दवाखान्यांत लागत नाही. ज्या दवाखान्यात खोली बदलली तरी सर्जनची फी तीच राहते, तिथे ही कपात करायची नाही असा नियामकाचा नियम आहे. अतिदक्षता विभागाच्या खर्चालाही ती लागत नाही. पण आपल्याला कुठे दाखल व्हावं लागेल ते आधी कुणाला माहीत असतं? तक्त्यात "कपात लागू" एवढं लिहून ठेवा.

यानंतर एकेका आजाराच्या मर्यादा. मोतीबिंदूसाठी अ-ची वेगळी मर्यादा नाही, ब देते एका डोळ्यामागे 40,000, क देते 25,000. हे कमी की जास्त हे नवख्याला कळत नाही. त्यासाठी मी आरोग्य संजीवनीची मोजपट्टी लावतो. ही नियामकाने अटी ठरवून दिलेली पॉलिसी 1 एप्रिल 2020 पासून मिळते आणि कुठल्याही कंपनीची घेतली तरी अटी सारख्याच. तिच्यात एका डोळ्याच्या मोतीबिंदूला विमा रकमेच्या 25 टक्के किंवा 40,000, यातलं जे कमी ते मिळतं. म्हणजे ब मोजपट्टीइतकी, क तिच्याही खाली.

एक ओळ मात्र मी शोधली नसती तर निसटली असती. मधुमेहात पडद्याला सूज आली तर डोळ्यात इंजेक्शन देतात आणि ते बहुधा अनेकदा द्यावं लागतं. ही इंजेक्शनं डोळ्यांच्या मथळ्याखाली सापडत नाहीत. ती `Modern Treatment` नावाच्या यादीत रोबोटिक शस्त्रक्रियेच्या शेजारी बसलेली असतात. शब्द कुठे `intravitreal` असा जोडून, कुठे `intra vitreal` असा तोडून, म्हणून नुसतं `vitreal` शोधायचं. अ देते विमा रकमेच्या 50 टक्क्यांपर्यंत, क देते वर्षाला 50,000. ब-चं ब्रोशर गप्प होतं आणि करारनाम्यात उपचाराचं नाव होतं, मर्यादा नव्हती. तक्त्यात लिहिलं "उल्लेख नाही", आणि ईमेल पाठवला.

आणखी एक शब्द सांभाळा: `Optional`. अ-च्या पहिल्या पानावर ठळक छापलेल्या सहा फायद्यांपैकी दोघांच्या पायाशी बारीक अक्षरात तो होता. ते फायदे 38,600 मध्ये नाहीत, त्यांचा प्रीमियम वेगळा. फायदा तक्त्यात घ्यायचा तर त्याचा प्रीमियमही घ्या. नाहीतर दोन्ही सोडा.

काय मिळणार नाही

या भागाला लोक घाबरतात, कारण करारनाम्यात तो पाच-सहा पानांचा असतो. खरं तर हाच भाग सर्वांत लवकर होतो, कारण सर्वसाधारण अपवादांची भाषा नियामकाने 2019 मध्ये ठरवून दिली आणि प्रत्येकाला क्रमांक दिला. करारनाम्यात `Excl01` ते `Excl18` शोधा. यातले चार ते अठरा, म्हणजे सौंदर्यासाठीची शस्त्रक्रिया, साहसी खेळ, दारूच्या व्यसनावरचे उपचार, वंध्यत्व, बाळंतपण वगैरे, एका कंपनीचे शांतपणे वाचा. कंपनीने एखादा अपवाद कव्हरमध्ये घेतला नसेल तर दुसरीकडे तीच वाक्यं सापडतील. ते तक्त्यात उतरवण्यात वेळ घालवू नका.

तुलना करायची ती पहिल्या तिघांची. `Excl01` म्हणजे आधीपासून असलेला आजार, इथे काकूंचा मधुमेह. 2024 च्या नियमांनुसार त्याची प्रतीक्षा, म्हणजे पॉलिसी घेतल्यापासून त्या आजाराचा क्लेम न मिळण्याचा काळ, जास्तीत जास्त 36 महिने असू शकते. पूर्वी ती 48 होती. कुठे अजून 48 दिसलं तर तो जुना कागद समजा. अ आणि क-चे 36, ब-चे 24. `Excl02` म्हणजे यादीतले ठरावीक आजार: मोतीबिंदू, हर्निया, गुडघ्याची वाटी बदलणं. इथे नुसता महिन्यांचा आकडा लिहून चालत नाही, कारण यादीचे दोन भाग असू शकतात. अ आणि क-मध्ये बाकी सगळ्यांना 24 महिने पण सांधे बदलायला 36, ब-मध्ये सगळ्यांना 24. प्रत्येक आजार याद्यांत स्वतंत्र शोधा. काकांचा मोतीबिंदू डॉक्टरांनी आधीच सांगितलेला आहे, म्हणून तो दोन्ही कलमांत येतो. अशा वेळी दोन्हीपैकी लांबची प्रतीक्षा लागते. म्हणजे अ-मध्ये काकांच्या डोळ्याला 24 नाही, 36 महिने. `Excl03` मध्ये पहिले 30 दिवस, अपघात सोडून. तिन्हीकडे सारखंच.

यानंतर `Specific Exclusions` हा मथळा बघा. क्रमांक नसलेले, त्या कंपनीने स्वतः घातलेले अपवाद तिथे असतात. तो भाग शब्दन् शब्द वाचावा लागतो, त्याला दुसरी युक्ती नाही.

आमचा तक्ता शेवटी असा झाला. पान क्रमांकांचे रकाने इथे गाळले आहेत.

| मुद्दा | अ | ब | क |
|---|---|---|---|
| प्रीमियम, वय 64, कर वगळून | 38,600 | 42,000 | 37,800 |
| प्रीमियम, वयोगट 66–70 | 52,400 | 46,500 | 51,900 |
| खोली | सिंगल प्रायव्हेट एसी | मर्यादा नाही | रोज 5,000, कपात लागू |
| को-पे | नाही | नाही | 20 टक्के |
| मधुमेहाची प्रतीक्षा | 36 महिने | 24 महिने | 36 महिने |
| काकांचा मोतीबिंदू, प्रतीक्षा | 36 महिने | 24 महिने | 36 महिने |
| मोतीबिंदू, एका डोळ्याची मर्यादा | वेगळी नाही | 40,000 | 25,000 |
| हर्निया, प्रतीक्षा | 24 महिने | 24 महिने | 24 महिने |
| गुडघा बदलणं, प्रतीक्षा | 36 महिने | 24 महिने | 36 महिने |
| डोळ्यातलं इंजेक्शन | 50 टक्क्यांपर्यंत | उल्लेख नाही | वर्षाला 50,000 |

तक्ता भरणाऱ्यानेच तो तपासू नये. सकाळी काकूंनी चष्मा लावून पीडीएफ धरली आणि मी तक्त्यातून पान क्रमांक वाचत गेलो. त्या मूळ वाक्य वाचायच्या, मी रकाना बघायचो. दोन चुका निघाल्या. क-चे मोतीबिंदूचे 25,000 मी "वर्षाला" लिहिले होते, कागदात "एका डोळ्यामागे" होतं. आणि ब-च्या एका ओळीसमोर जुन्या ब्रोशरचं पान राहून गेलं होतं.

ब-चं उत्तर चार दिवसांनी ईमेलवर आलं: इंजेक्शनला वेगळी मर्यादा नाही, पूर्ण विमा रकमेपर्यंत, आणि सोबत कलमाचा क्रमांक. रकान्यातला "उल्लेख नाही" खोडून ते लिहिलं आणि पानाच्या जागी ईमेलची तारीख टाकली. काका-काकूंनी ब निवडली. पहिली दोन वर्षं अ-पेक्षा 3,400 जास्त जातील, तिसऱ्या वर्षापासून आजच्या कोष्टकाप्रमाणे 5,900 कमी, आणि मधुमेहाचे बारा महिने वाचतील. अर्जात मधुमेह आणि मोतीबिंदू हे दोन्ही, कधीपासून आहेत त्या वर्षांसकट, लिहिले.

पॉलिसी आल्यावर तक्ता पुन्हा उघडायचा असतो. पॉलिसी हातात पडल्यापासून 30 दिवसांत ती परत करता येते. यूआयएन, झोन, को-पे आणि आजारांच्या प्रतीक्षेचे महिने, या चार गोष्टी आलेल्या कागदात तक्त्याप्रमाणे आहेत का हे त्या मुदतीत बघायचं. काकूंनी भिंतीवरच्या कॅलेंडरवर तिसाव्या दिवसाभोवती लाल गोल काढून ठेवलाय.